आठ महिन्यांनी सरांना उत्तर: माफी तीन वाक्यांत, बाकी पत्र कामाचं

वाचकाचं पत्र

माझे कॉलेजचे सर आता 74 वर्षांचे आहेत, सातारा जिल्ह्यात राहतात. त्यांनी त्यांच्या भागातल्या देवरायांवर पुस्तक लिहिलंय. फेब्रुवारीत त्यांनी मला 52 पानांची फाइल मेल केली. झाडांची शास्त्रीय नावं तपासून दे आणि जमलं तर दोन पानांची प्रस्तावना लिही, असं त्यात होतं. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. मेल वाचला, पण मिळाला एवढंसुद्धा कळवलं नाही. जूनमध्ये त्यांनी एका ओळीत विचारलं, "वेळ मिळाला का गं?" त्यालाही उत्तर दिलं नाही. दसऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या शुभेच्छा आल्या, त्यावर मात्र आपट्याच्या पानाचं चित्र पाठवलं. आता ऑक्टोबर संपत आलाय. दीड पानाचा मसुदा लिहिलाय, सोबत जोडलाय. तो वाचून माझं मलाच कसंतरी होतं. काय ठेवू, काय काढू?

— एक प्राध्यापिका, पुणे

उत्तर

तुमच्या मसुद्यात सरांच्या पुस्तकाचा उल्लेख पहिल्यांदा येतो तो दुसऱ्या पानावर, शेवटून तिसऱ्या ओळीत. त्याआधी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, कॉलेजातली नॅक मूल्यांकनाची धावपळ आहे, बंद पडलेला लॅपटॉप आहे आणि "रोज रात्री झोपताना तुमची आठवण यायची" हे आहे. यातलं काहीच खोटं नसेल. पण सरांनी विचारलेल्या दोन गोष्टींपैकी एकीचंही उत्तर त्या दीड पानात नाही. मसुदा लांबला तो त्यामुळेच. उत्तर द्यायला हाताशी काही नसलं की त्याची जागा कारणं भरून काढतात.

म्हणून पत्राला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवा: प्रस्तावना लिहिणार की नाही. आठ महिने तुम्हाला अडवून ठेवलं ते नावं तपासण्याच्या कामाने नसावं, ते काम तुमच्या रोजच्या सवयीचं आहे. अडलं असेल ते प्रस्तावनेपाशी. मसुद्यातलं वाक्य बघा: "प्रस्तावना लिहिण्याची माझी लायकी नाही, तरी प्रयत्न करून बघते." यात होही नाही आणि नाहीही नाही. वर "लायकी नाही" म्हटल्यावर सरांना लिहावं लागेल, "असं का म्हणतेस, तूच लिही." म्हणजे चेंडू पुन्हा तुमच्या अंगणात, आणि पुढच्या उशिराची तजवीज झालेली. आजच ठरवा. नाही असेल तर नाही लिहा, त्यात कमीपणा नाही. हो असेल तर तारीख घालून हो लिहा.

दुसरं, पत्र पाठवण्याआधी दोन संध्याकाळी फाइल उघडून बसा आणि होतील तेवढी पानं तपासा. दोनच संध्याकाळी, जास्त नाही. "सगळी 52 पानं झाली की एकदमच पाठवू" हा विचार मनात येईल. तो याआधीही आला असणार, आणि आठ महिने जाण्यात त्याचाही वाटा असणार. अर्धवट पण खरं काम पत्रात असलं की माफीला वजन येतं आणि तिची लांबी आपोआप कमी होते. काहीच तपासून झालं नाही तरी तिसऱ्या दिवशी पत्र जाऊ द्या.

आता माफीचं वाक्य. ते पत्रात सगळ्यात वर, नमस्कारानंतर लगेच यावं, आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात: कशाला उत्तर दिलं नाही, किती काळ, आणि त्याचा त्रास कोणाला झाला. काळ स्पष्ट लिहा. तुमच्या मसुद्यात "उत्तर द्यायला जरा उशीर झाला" असं आहे. आठ महिन्यांना "जरा" म्हटलं की वाचणारा तिथेच अडखळतो, कारण त्याने ते महिने मोजलेले असतात. शिवाय "उशीर झाला" या वाक्यात उशीर आपोआप होतो, पाऊस पडावा तसा. "मी तुम्हाला थांबायला लावलं" असं लिहिलं की करणारी व्यक्ती वाक्यात येते. मग "मी किती वाईट विद्यार्थिनी आहे" असली वाक्यं जोडावी लागत नाहीत. ती तुमच्या मसुद्यात तीन आहेत, तिन्ही काढा. तसल्या वाक्यावर समोरच्याला एकच उत्तर देता येतं, "नाही गं, तसं काही नाही." ज्याला आपण थांबवलं, त्याच्यावरच आपली समजूत काढायची वेळ येते.

जूनच्या एका ओळीचा उल्लेख मात्र वगळू नका. पहिल्या मेलला उत्तर राहिलं, हे कोणीही समजून घेतं. आठवण केल्यावरही काही कळवलं नाही, हे जास्त लागतं. "वेळ मिळाला का गं?" लिहिण्याआधी सरांनी दोनदा विचार केला असेल. तो मेल तुम्ही पाहिला होता, हे अर्ध्या वाक्यात मान्य करा. दसऱ्याच्या चित्राबद्दल काही लिहू नका. शुभेच्छांना तुम्ही शुभेच्छाच पाठवल्या, त्याचा खुलासा द्यायला गेलात तर नसलेला विषय निघेल.

कारणांचं काय करायचं, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. प्रत्येक कारणाला एकच कसोटी लावा: हे कळल्याने सरांना काही वेगळं करावं लागणार आहे का? लॅपटॉप बंद पडला होता, तो तर दुरुस्त झाला. फाइल तेव्हा हरवली असती तर ती पुन्हा मागण्यासाठी लॅपटॉपचा उल्लेख लागला असता. तसं झालेलं नाही, तेव्हा लॅपटॉप काढा. नॅकचं काम सरांना ठाऊक आहे, त्यांनी आयुष्यभर कॉलेजातच काढलं. आणि त्या कामाने फार तर दोन-तीन महिने खाल्ले असतील, आठ नाही. कारणांच्या यादीत हाच धोका असतो. एक कारण दिलं की वाचणारा ते मान्य करतो. तीन दिली की तो नकळत कॅलेंडर उघडतो आणि कोणते महिने उरले ते पाहतो.

ऑपरेशनचं वेगळं आहे. मसुद्यात तुम्ही लिहिलंय की सर सासूबाईंना चांगलं ओळखतात. मग ते त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळलं तर वाईट वाटेल, म्हणून पत्रात ते यायला हवं. पण वर, माफीच्या शेजारी नको. तिथे ते ढालीसारखं दिसतं, आणि सरांनाही मग आपण विचारणा केली म्हणून ओशाळल्यासारखं होतं. ते पत्राच्या शेवटी, घरची खुशाली सांगतात त्या जागी, एका वाक्यात टाका. आता तब्येत कशी आहे तेही त्याच वाक्यात लिहा, म्हणजे सरांना काळजीने उलटा फोन करावा लागणार नाही.

एकच मोठं कारण संपूर्ण काळाला पुरत असेल, समजा तुम्ही स्वतः सहा महिने आजारी असता, तर ते माफीच्या वाक्यात चार-पाच शब्दांत चाललं असतं. तुमच्याकडे तसं एक कारण नाही. म्हणून वर कारण न दिलेलंच बरं. ते नसल्याने पत्र तुटक वाटेल अशी भीती असते. पत्र तुटक होतं ते पुढे काही मजकूर नसला तर. तुमच्याकडे तो आहे.

नमुना खाली देतो आहोत. तुमच्या मसुद्यासोबतच्या टिपणांतून सापडलेल्या दोन दुरुस्त्या यात घेतल्या आहेत. पानांचे आकडे आणि तारीख तुमच्या सोयीने बदला.

> ती. सर,
> सादर नमस्कार.
>
> तुम्ही फेब्रुवारीत पाठवलेल्या मेलला मी आज, ऑक्टोबरच्या अखेरीस उत्तर देते आहे. जूनमध्ये तुम्ही आठवण केलीत, तेव्हाही मी काही कळवलं नाही. तुम्हाला इतके महिने थांबायला लावलं, याबद्दल मनापासून क्षमा मागते.
>
> पहिली 20 पानं तपासून झाली आहेत. दोन मोठ्या दुरुस्त्या आत्ताच सांगते. पान 9 वर अंजनीपुढे 'हार्डविकिया बायनाटा' आलं आहे. तो खानदेशाकडच्या कोरड्या रानातला अंजन वृक्ष. तुमच्या देवराईतली निळ्या फुलांची अंजनी म्हणजे 'मेमेसायलॉन अंबेलेटम'. पान 14 वर जांभळाचं 'युजेनिया जांबोलाना' हे जुनं नाव आहे, आता 'सायझिजियम क्युमिनी' लिहितात. उरलेली 32 पानं तपासून पूर्ण फाइल 15 नोव्हेंबरला पाठवते.
>
> प्रस्तावना मात्र मला जमणार नाही. तिच्यासाठी थांबू नका. दुसऱ्या कोणाला सांगितलं असेल तर ते योग्यच केलंत.
>
> पुस्तक एव्हाना छपाईला गेलं असेल तर तेवढं कळवा, म्हणजे दुरुस्त्या शुद्धिपत्राच्या रूपात लावून देईन.
>
> मे महिन्यात आमच्या आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता त्या छान चालतात. काकूंना नमस्कार.
>
> आपली,

यात माफीची तीन वाक्यं आहेत, आणि त्यातही क्षमा मागणारं एकच. शेवटी पुन्हा "उशिराबद्दल परत एकदा क्षमस्व" लिहायचा हात होईल, तो आवरा. दुसऱ्यांदा मागितलेली माफी पहिलीला हलकं करते, आणि पत्र संपताना सरांच्या डोक्यात अंजनीऐवजी तुमचा उशीर राहतो. "रागावला नाहीत ना?" हेही नको. तो प्रश्न आहे, आणि पत्रात प्रश्न आला की उत्तराची मागणी आली. इथे मागायची गोष्ट एकच आहे, छपाईचं काय झालं ते. तीसुद्धा फक्त "झाली असेल तर" एवढीच. सरांनी काहीच कळवलं नाही तरी तुमचं काम अडत नाही, असं पत्र रचलंय.

प्रस्तावनेच्या नकाराला कारण दिलेलं नाही, हे तुम्हाला खटकेल. एखादं कारण घालायचंच असेल तर ते पुस्तकाशी संबंधित असू द्या. उदाहरणार्थ, "देवराया प्रत्यक्ष पाहिलेल्या कोणी ती लिहावी असं मला वाटतं", आणि तेही खरोखर वाटत असेल तरच. वेळेचं कारण नको. आठ महिन्यांनंतर "वेळ नाही" हे शब्द कानाला फार वाईट लागतात. होकार द्यायचा असेल तर तो परिच्छेद असा करा: "प्रस्तावना अजून हवी असेल तर दोन पानं 30 नोव्हेंबरपर्यंत पाठवते. तोवर थांबणं शक्य नसेल तर माझी वाट पाहू नका." दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. आठ महिन्यांत सरांनी दुसऱ्या कोणाला विचारलं असण्याची बरीच शक्यता आहे, आणि ते तुम्हाला सांगताना त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये.

तारखेबद्दल थोडं. वाटतंय त्याच्या दुप्पट दिवस मागून घ्या. 32 पानांना आठवडा पुरेल असं वाटत असेल तर दोन आठवडे लिहा. "लवकरच", "दिवाळीनंतर", "वेळ काढून" हे शब्द या पत्रात नकोत, कारण सरांच्या लेखी तुमच्या "लवकर"ची किंमत सध्या कमी झाली आहे. आणि 15 नोव्हेंबर लिहिलं की 15 नोव्हेंबरलाच पाठवा. पाच पानं राहिली असतील तर 47 तपासलेली पाठवा आणि राहिलेली कधी येतील ते एका ओळीत लिहा. पहिल्या उशिराला माफी मिळते, दुसऱ्यानंतर ते पत्र नुसतं शिष्टाचाराचं होऊन जातं.

पाठवण्याची रीत. फेब्रुवारीतल्या त्याच मेलवर जाऊन Reply करा, नवीन मेल सुरू करू नका आणि विषयाची ओळ बदलू नका. जीमेलमध्ये विषय बदलला की संभाषण तुटून वेगळं होतं, मग सरांना जुनी फाइल आणि तुमचं उत्तर एकाखाली एक दिसणार नाही. "उशिराबद्दल दिलगिरी" असा विषय देण्याचा मोह होतो, पण त्याने मेल उघडण्याआधीच पुस्तक मागे पडतं. रात्री एक वाजता लिहून झालं तरी Schedule send वापरून सकाळी जाईल असं करा. मध्यरात्रीच्या वेळेची नोंद पाहून वाचणाऱ्याला वाटतं, हिने घाईत आणि दडपणाखाली लिहिलंय. Undo Send ची मुदत सेटिंगमध्ये 30 सेकंदांवर नेऊन ठेवा. जोडायची फाइल विसरल्याचं बहुधा त्या 30 सेकंदांतच लक्षात येतं. शास्त्रीय नावं मेलमध्ये सरांनी फाइलमध्ये लिहिली आहेत त्याच लिपीत लिहा, म्हणजे त्यांना ती शोधून बदलता येतील.

सर मेल रोज उघडत नसतील तर पाठवल्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाका: "सर, देवरायांच्या पुस्तकाबद्दल सविस्तर मेल केला आहे." इथे माफी पुन्हा नको. व्हॉट्सअ‍ॅपवर माफी आणि मेलमध्ये काम अशी विभागणीही करू नका. तुकड्यातुकड्यांनी आलेली माफी वाचणाऱ्याला गोळा करत बसावी लागते.

आधी फोन करावा का, असं मसुद्याच्या तळाशी विचारलंय. आमचं मत, आधी मेल. फोनवर 74 वर्षांचे सर तुम्हाला पहिल्याच मिनिटाला "राहू दे गं" म्हणतील, विषय तब्येतीवर जाईल आणि प्रस्तावनेचा नकार सांगायचा राहून जाईल. मेल पोचल्यावर दोन दिवसांनी फोन केलात तर मग दोघांनाही बोलायला अंजनी आहे, जांभूळ आहे.

उत्तर तीन प्रकारचं येऊ शकतं. "चालायचंच, कामं असतात" असं आलं तर "धन्यवाद सर, 15 तारखेला फाइल पाठवते" एवढंच लिहा. अशा मोठेपणावर पुन्हा माफीचा परिच्छेद लिहिला तर सरांनी मिटवलेला विषय तुम्ही उघडता. काहीच उत्तर आलं नाही तर आठवण करू नका, नाराजीचा अंदाजही बांधू नका, ठरल्या दिवशी फाइल पाठवून द्या.

तिसरं सगळ्यात अवघड आहे. सर लिहितील, "पुस्तक ऑगस्टमध्येच छापून झालं, आता काय उपयोग." इथे उशिराने खरं नुकसान झालंय: चुकीचं नाव छापून गेलंय आणि ते तुम्हाला फेब्रुवारीत सांगता आलं असतं. हे त्याच शब्दांत मान्य करा: "पान 9 ची चूक मी वेळेवर सांगितली असती तर छापली गेली नसती." त्यानंतर काम पुढे न्या. शुद्धिपत्र म्हणजे पुस्तकात सरकवायची एक छापील चिठ्ठी असते: पान, ओळ, छापलेलं आणि हवं असलेलं, असे चार रकाने. शिल्लक प्रतींपुरती ती छापून घेता येते आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त्या मजकुरातच घेता येतात. तक्ता तुम्ही तयार करून पाठवा, सरांकडे काही मागू नका. छपाईचा खर्च द्यायची इच्छा असेल तर तेही त्याच मेलमध्ये आकडा न घालता विचारा, आणि त्यांनी नको म्हटलं तर आग्रह धरू नका.

मसुद्यातलं एक वाक्य मात्र ठेवण्यासारखं आहे. दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय, "पान 17 वरची पाणवठ्याची नोंद वाचून मी फाइल बंद केली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली." नमुन्यात आम्ही ते घेतलं नाही, कारण ती नोंद आम्ही वाचलेली नाही. "पहिली 20 पानं तपासून झाली आहेत" याच्या लगेच पुढे ते टाका, आणि त्या नोंदीतलं नेमकं काय आवडलं ते आणखी एका वाक्यात लिहा.